सकाळी बरं, संध्याकाळी बंद: सादळलेल्या रिसीव्हरचं एक प्रकरण

पावसाळा सुरू होऊन तीन आठवडे झाले होते, तेव्हा हे काका पहिल्यांदा माझ्याकडे आले. वय 71. दोन्ही कानांना ऐकण्यासाठी लावलेली, कानामागे बसणारी मशीन. वरच्या भागातून एक बारीक वायर निघते आणि तिच्या टोकाला असलेला इवलासा स्पीकर थेट कानाच्या नळीत बसतो, त्या प्रकारची. या स्पीकरलाच आम्ही रिसीव्हर म्हणतो. मशीन अडीच वर्षं जुनी होती आणि आधीचे दोन पावसाळे तिने फारशी तक्रार न करता काढले होते.

तक्रार उजव्या कानाची होती. "आवाज फाटतो," काका म्हणाले, "आणि मग एकदम जातो. टिचकी मारली की कधीकधी परत येतो."

मी मशीन हातात घेतली, ऐकून पाहिली. स्वच्छ आवाज. सेल बरा. मोजणीच्या पेटीत घालून पाहिली तर तिथेही फारसं वावगं काही नाही. सकाळचे अकरा वाजले होते, आणि ही वेळच चुकीची होती, हे मला पुढे कळलं.

या भेटीआधी काय काय होऊन गेलं होतं, तेही सांगायला हवं, कारण तसं बऱ्याच घरांत होतं. दोन आठवड्यांत त्यांनी चार वेळा सेल बदलले होते. मुलीला वाटत होतं की बाबांचा कानच आणखी कमी झालाय. एका ठिकाणी त्यांचा उजवा आवाज कॉम्प्युटरवरून वाढवूनही दिला होता. याचं मला सगळ्यात वाईट वाटलं. रिसीव्हर अर्धवट तुंबलेला असताना आवाज वाढवला, तर तो आधीच अडखळणारा स्पीकर आणखी जोरात ढकलला जातो आणि जास्त फाटतो. सकाळी तो कोरडा झाला की वाढवलेला आवाज पूर्ण ताकदीने कानावर आदळतो. काका सकाळी चहाचा कप खाली ठेवला तरी दचकायचे, ते यामुळेच. मी आधी ती वाढ काढून टाकली. मशीन ओली असल्याचा संशय असेल, तेव्हा सेटिंगला हात लावू नये, हे मी आता माझ्या प्रत्येक शिकाऊ सहकाऱ्याला सांगते.

कानाची तपासणी पुन्हा केली. श्रवणाचा आलेख दीड वर्षापूर्वी होता तसाच होता. उजव्या कानाच्या नळीतली त्वचा मात्र पांढरट, फुगलेली होती. खूप वेळ पाण्यात राहिल्यावर बोटांची टोकं होतात तशी. मळ नव्हता, दुखत नव्हतं, थोडी खाज होती. अशा ओल्या कानात बुरशी धरू शकते, म्हणून कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवून घेतलं. बुरशी नव्हती. पण कानात ओल साठून राहते, एवढं त्या त्वचेनेच सांगितलं.

वही

काकूंना मी एक वही करायला सांगितली. दिवसातून चार वेळा, प्रत्येक वेळी दोन ओळी. त्यांनी काकांच्या मागे दोन हात अंतरावर उभं राहून, नेहमीच्या आवाजात सहा ध्वनी म्हणायचे: म, ऊ, आ, ई, श, स. काकांनी एकेका कानाने, म्हणजे एका बाजूची मशीन काढून, जे ऐकू आलं ते परत म्हणायचं. हे सहा ध्वनी बोलण्यातल्या खालच्या स्वरांपासून वरच्या स्वरांपर्यंत पसरलेले आहेत. 'म' सगळ्यात खालचा, 'स' सगळ्यात वरचा. कुठला गेला यावरून आवाजाचा कुठला भाग गेला, हे घरबसल्या कळतं.

आणखी दोन गोष्टी लिहायला सांगितल्या होत्या. एक, आवाज गेल्यावर परत येताना मशीन सुरू होतानाची ती छोटी धून वाजते का. धून वाजली, तर मधे वीज तुटली होती, म्हणजे दोष सेलचा किंवा सेलच्या पट्ट्यांचा. धून न वाजता आवाज नुसताच परत आला, तर मशीन चालूच होती आणि आवाज वाटेत कुठेतरी अडला होता. दुसरी, आवाज फाटत असताना मोबाइलवरून ब्लूटूथने एखादं बोलणं थेट मशीनमध्ये लावून ऐकायचं. त्या वाटेत मशीनचा माइक येतच नाही. मोबाइलचा आवाज स्वच्छ आणि खोलीतला आवाज खराब असेल, तर ओल माइकपाशी आहे. दोन्ही खराब असतील, तर बिघाड पुढच्या टोकाला, रिसीव्हरपाशी.

दहा दिवसांनी वही आली. काकूंचं अक्षर बारीक आणि नोंदी नेटक्या. सकाळी सात: सहाही बरोबर. दुपारी बारा: 'स' गेला, कधी 'श'सुद्धा. संध्याकाळी साडेसहा, फिरून आल्यावर: 'म' फाटका, 'आ' फाटका, 'स' नाही. रात्री नऊ: काहीच नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता पुन्हा सहाही बरोबर. दहापैकी आठ दिवस असेच. जे दोन दिवस बरे गेले, ते कडक उन्हाचे होते आणि त्या दिवशी काका फिरायला गेले नव्हते.

मोबाइलचा आवाजही प्रत्येक वेळी तितकाच फाटका होता. धून मात्र दहा दिवसांत दोनदा वाजली होती. बाकी वेळी आवाज धून न वाजताच परत आला होता.

डाव्या कानाच्या रकान्यातही संध्याकाळी मधूनमधून "स मंद" अशी नोंद होती. काकांनी त्याबद्दल तक्रार केली नव्हती, कारण उजव्याच्या त्रासापुढे ते त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. ही डावीकडची नोंद पुढे फार उपयोगी पडली.

दिवसभरात हळूहळू बिघडणारी आणि रात्रभर काढून ठेवल्यावर आपोआप बरी होणारी मशीन सादळलेली असते. निव्वळ मळाने तुंबलेली मशीन रात्रीतून सुटत नाही, आणि संपत आलेला सेल सकाळी थोडा वेळ चालला तरी दुपारपर्यंत टिकत नाही.

संध्याकाळची भेट

पुढची वेळ मी संध्याकाळी साडेसहाची दिली आणि सांगितलं, "काका, फिरून तसेच इकडे या. मशीन काढू नका, पुसू नका." बाहेर रिमझिम होती. ते आले तेव्हा कानामागचे केस घामाने चिकटले होते आणि उजवी मशीन बंद होती.

मशीन काढली आणि रिसीव्हरचं टोक भिंगाखाली धरलं. टोकावर रबरी टोपी असते, तिला डोम म्हणतात. डोम काढला की आत पांढऱ्या रंगाची, टाचणीच्या डोक्याएवढी जाळी दिसते. मळ आत जाऊ नये म्हणून ती असते. सगळे तिला वॅक्स गार्डच म्हणतात. त्या जाळीवर दिव्याचा एक गोल चमकत होता. कोरड्या जाळीवर असा गोल दिसत नाही, तिची भोकं वेगवेगळी दिसतात. इथे सगळ्या भोकांवर मिळून पाण्याचा एकच पडदा ताणलेला होता. एवढ्याशा पडद्याने आवाज कोंडतो, आणि बारीक, वरचे स्वर आधी मरतात. दुपारी 'स' का जात होता, ते समोर दिसत होतं.

सेल बदलला. फरक नाही. मग वॅक्स गार्ड बदलला. आवाज आला, पण फाटका. स्टेथोस्कोपसारख्या नळीने मी स्वतः ऐकलं: 'आ' म्हटलं की मागे झिर्रर्र असा थरथराट, आणि आवाज चढवला की तो थरथराट दुप्पट.

म्हणजे बिघाड दोन होते, एकावर एक. जाळीवरचा पडदा वरवरचा, तो रोज यायचा आणि रोज जायचा. फाटण्याचं कारण त्याच्या मागे होतं.

मोजणीच्या पेटीत मशीनला एक शुद्ध स्वर ऐकवतात आणि बाहेर येणाऱ्या आवाजात मूळ स्वराखेरीज किती भेसळ आहे, ते टक्क्यांत मोजतात. डाव्या मशीनची भेसळ 800 हर्ट्झला 1 टक्का होती. उजव्याची 14. याच उजव्या मशीनची सकाळी अकराला मी केलेली नोंद 3 टक्के होती. तेव्हाच ती डाव्याशी ताडून पाहिली असती, तर संशय आला असता. मी ते केलं नाही.

रिसीव्हरच्या आत काय चालतं, ते कळलं की हा थरथराट समजतो. तांदळाच्या दोन-तीन दाण्यांएवढ्या त्या धातूच्या डबीत दोन चुंबकांच्या फटीत एक पातळ लोखंडी पाती असते. विजेच्या तालावर ती वरखाली हलते, एका बारीक तारेने पडद्याला हलवते आणि आवाज होतो. ही फट मिलिमीटरच्याही अंशातली. कानातली वाफ आवाजाच्या भोकातून आत शिरली की पडद्यावर ओल धरते, सोबत घामातले क्षार आणि मळाचा तेलकट अंश येतो. पडदा जड होतो. दिवसेंदिवस असं चाललं की पातीवर गंज धरतो आणि ती फटीच्या मधोमध राहत नाही. मग वर जाताना एक चाल, खाली येताना दुसरी. हाच फाटका आवाज. मोठ्या आवाजाला पाती जास्त हलते, म्हणून फाटणं आधी मोठ्या आवाजात ऐकू येतं. एखाद्या वेळी पाती चुंबकाला चिकटूनच बसते आणि आवाज पूर्ण जातो. टिचकीने ती सुटते, म्हणून काकांची टिचकी चालत होती. पण टिचकीने ती वाकतेही, तेव्हा ती सवय बंद करायला सांगितली.

हा दोष रिसीव्हरचाच आहे आणि मशीनच्या अंगातला नाही, याची खात्री करायला तोच रिसीव्हर त्याच मॉडेलच्या दुसऱ्या मशीनला जोडला. भेसळ त्याच्यासोबत तिकडे गेली. काकांच्या मशीनला दुसरा रिसीव्हर लावला, तर आवाज स्वच्छ.

राहिली ती दोनदा वाजलेली धून. सेलचं दार उघडलं तर एका पट्टीवर हिरवट डाग होता आणि जुन्या सेलच्या कडेला पांढरी पूड. या मशीनमधले सेल हवेवर चालतात. त्यांच्या पाठीला बारीक भोकं असतात, त्यांतून प्राणवायू आत जातो. दमट हवेत त्याच भोकांतून वाफही शिरते, सेल फुगतो, पाझरतो आणि त्याचा क्षार कडेला सुकतो. तीच पांढरी पूड. पट्टी कोरड्या ब्रशने साफ केली, धून पुन्हा वाजली नाही.

आता उजव्यालाच का? दोन्ही मशीन एकाच वयाच्या, एकाच घरातल्या. पण काकांचा उजवा कान जास्त कमी ऐकतो, त्यामुळे त्या बाजूला बंद डोम दिलेला होता. आवाज बाहेर गळू नये म्हणून तो नळी पूर्ण बुजवतो. डावीकडे भोकाभोकांचा उघडा डोम. बुजलेल्या नळीतली वाफ बाहेर पडत नाही आणि रिसीव्हर दिवसाचे तेरा तास त्या वाफेत बसून राहतो. बाहेर पाऊस असो वा नसो, कानात तो तसाच असतो. पावसाळ्यात फरक एवढाच पडतो की रात्री काढून ठेवल्यावर त्याला वाळायला कोरडी हवा मिळत नाही.

डबा

"रात्री कुठे ठेवता?" या प्रश्नाला काकांनी अभिमानाने उत्तर दिलं, "ड्राय बॉक्समध्ये. एक दिवस चुकवत नाही."

मी तो डबा मागवला. पावशेर पाणी मावेल एवढा प्लास्टिकचा डबा, तळाशी सिलिका जेलची एक छोटी कुपी. आतले दाणे मळकट हिरवे. कुपीवर लिहिलं होतं की ते नवे असताना नारिंगी असतात. काकांना वाटलं होतं, हिरवे झाले म्हणजे काम करताहेत. अडीच वर्षांत ते एकदाही बदलले नव्हते. झाकणाच्या आतली रबराची कडी एका बाजूला पिळवटली होती. डबा बाथरूमच्या दाराशेजारच्या फळीवर असायचा. मशीन त्यात सेलसकट, दार बंद करून ठेवली जायची.

दमटपणा मोजायचा एक चपटा, हातात मावणारा मीटर मी त्यांना दिला आणि तो एक रात्र डब्यात ठेवायला सांगितलं. सकाळी डब्यातला आकडा 81 होता. खोलीतला 84.

एवढ्या निष्ठेने सांभाळलेल्या त्या डब्यात आणि उघड्या फळीत तीन टक्क्यांचा फरक होता. या स्वस्त मीटरची चूकही तेवढी असते. मशीन रात्री सकाळपुरती सुधारत होती, ती केवळ कानाबाहेर होती म्हणून.

काकांना मी हिशोब मांडून दाखवला, कारण ते हिशोबाचे माणूस आहेत. 28 अंशांच्या, 85 टक्के दमट हवेत घनमीटरमागे साधारण 23 ग्रॅम पाणी असतं. पाव लिटरचा डबा उघडला आणि आतली सगळी हवा बदलली, तर साधारण 6 मिलिग्रॅम पाणी आत येतं. कुपीत 4 ग्रॅम जेल होतं. डबा खरोखर कोरडा राहील अशा बेताने ते आपल्या वजनाच्या दहा टक्के पाणी धरतं असं मानलं, तर 400 मिलिग्रॅम. म्हणजे साठ-सत्तर उघडझाप. सकाळ-संध्याकाळ धरून एक महिना. शिवाय मशीनवरची ओल वेगळी. त्याच डब्यात 40 ग्रॅम जेल घातलं, तर हाच हिशोब दहा-अकरा महिन्यांवर जातो.

पण हा हिशोब झाकण घट्ट असेल तरच खरा. पिळवटलेल्या कडीतून हवा रात्रंदिवस येत राहते आणि मग कितीही जेल पुरत नाही. जेल लवकर संपत असेल, तर मी आधी झाकण बघायला सांगते. साधी परीक्षा: रिकामा डबा घट्ट लावून पाण्याच्या बादलीत दाबून धरायचा. बुडबुडे आले, तर डबा बदलायचा.

आधी वाळवून पाहिलं

नवा रिसीव्हर लगेच लावण्याआधी मी जुना वाळवून पाहायचं ठरवलं. आमच्याकडे निर्वात करून ओल ओढून घेणारं एक छोटं यंत्र आहे. हवेचा दाब कमी केला की पाण्याची वाफ साध्या तापमानालाही झपाट्याने होते, आणि रिसीव्हरच्या आतली ओल बाहेर येते. अर्ध्या तासाने भेसळ 14 वरून 3 टक्क्यांवर आली. काका खूश होऊन घरी गेले.

सहाव्या दिवशी संध्याकाळी भेसळ पुन्हा 9 टक्के होती. वाळवल्याने पाणी जातं, गंज जात नाही. वाळवल्यावर महिना-दोन महिने टिकला, तर रिसीव्हर ठेवावा. आठवड्यात परत आला, तर त्यावर आणखी वेळ घालवू नये, असा माझा अनुभव आहे. उजवा रिसीव्हर बदलला. या प्रकारच्या मशीनमध्ये ते दहा मिनिटांचं काम आहे, बाकी मशीन तीच राहते. काढलेला रिसीव्हर मी पुढे कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. पातीच्या टोकाला तांबूस डाग होता आणि आवाजाच्या भोकाशी कोरडा, पिवळसर थर.

तेव्हा मुलीने विचारलं, "पण ताई, मशीन तर आयपी 68 आहे ना? म्हणजे वॉटरप्रूफ." तिचा प्रश्न रास्त होता. त्यातला 6 धुळीचा आणि 8 पाण्यात बुडवण्याचा. ही चाचणी नव्या मशीनवर, स्वच्छ पाण्यात, ठरलेल्या खोलीवर आणि ठरलेल्या वेळेपुरती होते. घामातले क्षार, अडीच वर्षांत झिजलेल्या फटी, रोज तेरा तास आत शिरणारी वाफ, यातलं काहीच त्या आकड्यात धरलेलं नाही. थेंब अडवणारी जाळी वाफ अडवत नाही. मशीन चुकून पावसात भिजली तर वाचेल, एवढाच भरवसा त्या आकड्यावर ठेवावा.

रात्रीची नवी रीत

काकूंनी ती एका कागदावर लिहून डब्याच्या झाकणाला चिकटवली.

मशीन काढली की आधी कोरड्या सुती कापडाने पुसायची, विशेषतः कानामागचा भाग आणि वायर. स्पिरिट नाही, ओलं कापड नाही. तोंडाने फुंकर मारायची नाही. फुंकरीत वाफच असते. मग सेल काढायचा आणि डब्याबाहेर ठेवायचा. यावर काका अडले. "सेल आत ठेवला तर तोही कोरडा राहील की." पण हवेवर चालणाऱ्या सेलच्या आत थोडं पाणी लागतं. फार कोरड्या डब्यात ते उडून जातं आणि सेल लवकर मरतो. मशीन डब्यात, दार उघडं, सेल बाहेर. सेलच्या जागेतली ओल निघायला ते उघडं दार लागतंच.

डब्यात मशीन अशी ठेवायची की रिसीव्हरचं तोंड खाली राहील. उताणी पडली, तर जाळीवरचा थेंब बाहेर यायच्या ऐवजी आत उतरतो. वॅक्स गार्ड पावसाळ्यात दर दहा दिवसांनी बदलायचा, आवाज चांगला असला तरी. डबा बाथरूमपासून दूर, झोपायच्या खोलीत.

जेल 40 ग्रॅम, नारिंगी, सुती पुरचुंडीत. रंग उडाला किंवा हिरवट झाला की जेल तेवढं बाहेर काढून, पातळ पसरून, ओव्हनमध्ये 110 ते 120 अंशांवर दोन तास. रंग परत आल्यावर ते बंद बरणीतच गार करायचं, नाहीतर गार होता होताच पुन्हा ओल ओढतं. निळं जेलही मिळतं, ते ओलावलं की गुलाबी होतं. त्याच्या रंगात कोबाल्टचा क्षार असतो, म्हणून लहान मुलांच्या घरात मी ते सुचवत नाही.

मशीनला मात्र ओव्हन, हेअर ड्रायर, ऊन यातलं काहीही नको. रिसीव्हरचा पडदा आणि डिंक त्या उष्णतेला टिकत नाहीत. वीज लावून मशीन वाळवणारे डबे वेगळे. ते साधारण 40 ते 45 अंशांपर्यंतच तापतात. त्यातलं काम उष्णतेपेक्षा हवेच्या गणिताने होतं: 28 अंशांची 90 टक्के दमट हवा 42 अंशांपर्यंत तापवली, की तीच हवा 41 टक्क्यांवर येते, तिच्यातलं पाणी तेवढंच असून. ज्यांना फार घाम येतो किंवा ज्यांची मशीन चार्जिंगवर चालते, त्यांना मी हा डबा सुचवते. चार्जिंगवाली मशीन मात्र कंपनीने तसं चालतं असं लिहिलं असेल तरच त्यात ठेवावी. चार्जर स्वतः काही ड्रायर नसतो, हे अनेकांना माहीत नसतं. ओली मशीन पुसल्याशिवाय चार्जरमध्ये टाकली की पट्ट्या काळ्या पडतात.

दिवसाची एकच गोष्ट वेगळी सांगितली. काका दुपारी मुलीच्या एसी खोलीत मशीन काढून झोपायचे, आणि उठल्यावर ती घालून लगेच बाहेर. बाहेर 28 अंश आणि 90 टक्के दमटपणा असेल, तर 26 अंशांहून गार असलेल्या कुठल्याही वस्तूवर दव धरतं. एसीतून बाहेर आल्यावर चष्म्यावर वाफ येते ना, तसंच मशीनवर येतं, फक्त ते दिसत नाही. तिथे मशीन बंद डब्यात ठेवायची आणि बाहेर आल्यावर डबा दहा मिनिटं तसाच बंद राहू द्यायचा. दव मग डब्याच्या बाहेरच्या बाजूवर धरतं.

चार आठवड्यांनी

उजवी मशीन, संध्याकाळी साडेसहा, फिरून आल्यावर: भेसळ 1 टक्का. पण रिसीव्हर नवा होता, त्यामुळे यात रीत किती आणि नवेपणा किती, हे उजवीकडून सांगता येत नाही. म्हणून मी डावीकडे पाहिलं. डावीकडे रिसीव्हर तोच जुना होता, बदलली होती ती फक्त ही रीत. आधीच्या दहा दिवसांत सहा संध्याकाळी "स मंद" अशी नोंद होती. शेवटच्या दहा दिवसांत ती एकदाही नव्हती, आणि पाऊस मात्र जास्त झाला होता. एका माणसाच्या दहा दिवसांवरून फार मोठं काही ठरत नाही. तरी डब्यातला मीटर 24 दाखवत होता आणि दोन्ही गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवत होत्या.

चार आठवड्यांत उजवीकडे दोन वाईट संध्याकाळी नोंदल्या होत्या. दोन्ही वेळा काका छत्री असूनही भिजले होते आणि दोन्ही वेळा 'स' गेला होता, 'आ' फाटला नव्हता. म्हणजे फक्त जाळीवरचा पडदा. काकूंनी वॅक्स गार्ड बदलला आणि आवाज परत आला, कुणाला दाखवावं लागलं नाही.

बंद डोमचा प्रश्न राहिलाच आहे. उजव्या कानाला त्याची गरज आहे आणि ओलही त्यामुळेच साठते. पाऊस संपला की त्यांच्या कानाच्या मापाचा, बारीक हवेचं भोक ठेवलेला साचा करून पाहायचा, असं ठरलं आहे. भोक किती मोठं ठेवलं तर शिटी न वाजता वाफ निघेल, ते घालून मोजूनच कळेल. तोवर काका दुपारी अर्धा तास उजवी मशीन काढून कान मोकळा ठेवतात, आणि ती मशीन त्या वेळात डब्यात असते.